फुगलेला डबा उघडून बघायचा नसतो

मे संपत आला की कोकणात आगोट भरायची घाई सुरू होते. पूर्वी त्यात तांदूळ, मीठ, आमसुलं, सुकी मासळी आणि लाकूडफाटा असायचा. आता त्याच फळीवर पत्र्याचे हवाबंद डबेही येऊन बसलेत. घरच्या हापूसचा कॅनिंगवाल्याकडून भरून आणलेला आमरस, नारळाचं दूध, उकडलेले काबुली चणे, मशरूम, आणि कुणी आखातात नोकरीला असेल तर तिकडून आलेला ट्यूना. मग चार महिने पाऊस, दमट खोल्या आणि खारी हवा. गणपतीला चाकरमानी घरी येतात, पंगत वाढते आणि फळीच्या मागच्या बाजूचा डबा पुढे ओढला जातो. एखाद्याच्या कडेला गंज चढलेला असतो, एखाद्याला पोचा आलेला असतो, एखाद्याचं झाकण वर आलेलं असतं.

अशा वेळी घरात ठरलेलं उत्तर असतं, ‘उघडून बघू, वास आला तर टाकू.’ भाजी, मासळी, दूध यांच्या बाबतीत हा निकष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. हवाबंद डब्यात होऊ शकणाऱ्या एका विषाच्या बाबतीत मात्र तो चालत नाही. त्या विषामुळे होणाऱ्या आजाराचं नाव बॉट्युलिझम. हा आजार क्वचित होतो. पण झाला तर माणूस पूर्ण शुद्धीत असताना त्याचे श्वासाचे स्नायू थांबू शकतात. म्हणून डब्याकडे बघायचं कसं, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

हे विष तयार करणाऱ्या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. तो मातीत असतो, खाडीच्या आणि समुद्राच्या गाळात असतो, त्यामुळे भाज्यांना चिकटून आणि माशांच्या आतड्यांतून आपल्यापर्यंत सहज पोहोचतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो, वर्षानुवर्षं. असे बीजाणू आपण जेवणातून नकळत गिळत असतोच आणि निरोगी मोठ्या माणसाला त्यांनी सहसा काही होत नाही. धोका सुरू होतो तो बीजाणू अन्नातच रुजला तर. त्याला रुजायला हवा नसलेली जागा लागते, भरपूर ओलावा लागतो, आंबटपणा, मीठ आणि साखर कमी लागते, आणि आपल्या स्वयंपाकघरात असते तसली ऊब लागते. हे सगळं जुळलं की जंतू वाढतो आणि वाढताना विष सोडतो. मोठ्या माणसाचा जीव घ्यायला या विषाचा एका ग्रॅमचा दहा हजारावा हिस्साही पुरतो. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही.

आता गोम अशी की उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, आणि तेवढ्या उष्णतेत हे बीजाणू तासन्‌तास तग धरतात. त्यांना खात्रीने मारायला १२१ अंश लागतात, तेही डब्याच्या पार मध्यापर्यंत पोहोचलेले, आणि तिथे सुमारे ३ मिनिटं टिकलेले. उघड्या भांड्यात पाणी तेवढं तापूच शकत नाही. म्हणून कारखान्यात भरलेले, सील केलेले डबे रिटॉर्ट नावाच्या मोठ्या दाबपात्रात घालतात आणि दाबाखालच्या वाफेने तापवतात. मासे, चणे, मशरूम, नारळाचं दूध यांचे डबे असेच तयार होतात. एकदा हे नीट झालं की आतलं अन्न वर्षानुवर्षं टिकतं. त्यात कुठलं जादूचं औषध घातलेलं नसतं. आतले जंतू मेलेले असतात आणि बाहेरचे आत येऊ शकत नाहीत, इतकंच. आणि त्यांना बाहेर ठेवण्याचं काम पत्रा आणि त्याची शिवण हे दोघेच करतात.

आमरसाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. आंबटपणा मोजायच्या पीएच या मापात आकडा जितका लहान तितका पदार्थ जास्त आंबट. ४.६ च्या खाली बॉट्युलिनमचा बीजाणू रुजत नाही. हापूसचा रस साधारण ४ च्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि आंबा फार पिकलेला असेल तर कॅनिंगवाले त्यात थोडं सायट्रिक आम्ल घालतात. म्हणून गावातल्या लहान युनिटमध्येही उकळत्या पाण्यात डबे ठेवून आमरस टिकवता येतो, त्याला रिटॉर्ट लागत नाही. फणसाचे गरे मात्र आंबट नसतात. त्यांचे डबे भरताना पाकात आम्ल घालून ते गऱ्याच्या आतपर्यंत मुरवावं लागतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘आंब्याचे डबे आम्ही घरी भरतो, तसेच फणसाचे भरू, कोळंबीचे भरू’ असा विचार कुणाच्याही मनात सहज येऊ शकतो. २००६ च्या मार्चमध्ये थायलंडच्या नान प्रांतात असंच घडलं. गावात बांबूचे कोंब डब्यांत भरून, उकळून ठेवले होते. एका धार्मिक कार्यक्रमात ते वाढले गेले आणि २०९ माणसं आजारी पडली, चाळीसहून अधिक जणांना कृत्रिम श्वास द्यावा लागला. उकळताना आतली हवा निघून गेली, बीजाणू मात्र राहिले. कोंब आंबट नसतात, त्यामुळे त्या जंतूला हवी होती तशीच जागा तयार झाली.

आपल्याकडच्या जुन्या साठवणीत हा धोका फारसा का नव्हता, तेही यातूनच कळतं. सुकट आणि सुके बोंबील यांत ओलावा नसतो, खारवलेल्या मासळीत मीठ भरपूर असतं, लोणच्यात आणि आमसुलांत आंबटपणा असतो. दर वेळी जंतूची एक तरी गरज अडवलेली असते. मासे-चण्यांच्या हवाबंद डब्यात यातलं काही अडवलेलं नसतं, त्यामुळे सगळा भार शिवणीवर येतो.

कडेची शिवण

डब्याचं वरचं आणि खालचं झाकण जिथे अंगाला जोडलेलं असतं ती उंचावलेली कड बोटाने चाचपून बघा. कारखान्यातली माणसं तिला डबल सीम म्हणतात. झाकणाची कड आणि अंगाची कड एकमेकींत अडकवून, करंजीला मुरड घालावी तशी दोनदा दुमडून दाबलेली असते, आणि आत रबरासारख्या लेपाचा पातळ थर असतो. डब्याची सगळी सुरक्षितता या काही मिलिमीटरच्या घडीत आहे. दुसरी गोष्ट अशी की डबा गरम असताना बंद होतो आणि थंड झाल्यावर आत निर्वात तयार होतो. म्हणून चांगल्या डब्याची दोन्ही झाकणं सपाट किंवा किंचित आत ओढलेली दिसतात. याच ओढीमुळे शिवणीत केसाएवढी जरी फट राहिली, तरी बाहेरचं पाणी किंवा हवा आत खेचली जाते.

असं घडलं तर काय होतं, याची एक नोंद वैद्यकशास्त्रात आहे. १९७८ च्या जुलैअखेर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात चार वयस्कर माणसांनी संध्याकाळच्या खाण्याला अलास्काच्या सामन माशाचा डबा उघडला. दुसऱ्या दिवसापर्यंत चौघंही आजारी पडली आणि त्यांतली दोघं पुढे दगावली. तपासात त्या डब्यात बॉट्युलिनमचं ई प्रकारचं विष सापडलं. हा प्रकार समुद्राशी, माशांशी जास्त जोडलेला आहे. डब्याला बारीक भोक होतं, आणि कारखान्यात डबा शिजून झाल्यावर, तो थंड होत असताना त्यातून जंतू आत गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे रिटॉर्टने आपलं काम केलं होतं, शिवणी-पत्र्याने दगा दिला.

या घटनेत आपल्यासाठी शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. बारीक भोक पडलेला डबा फुगेलच असं नाही, कारण आत तयार झालेला वायू त्याच भोकातून निघून जातो. आणि ई प्रकारचा जंतू अन्न फारसं नासवत नाही, त्यामुळे सडल्याचा वास येईलच असंही नाही. हवेचा थोडा अंश आत शिरला तरी डब्यातल्या घट्ट मांसाच्या आतल्या भागात तो पोहोचत नाही आणि जंतूला हवी ती जागा तिथे मिळते. फुगणं ही धोक्याची खूण खरीच. पण डबा फुगलेला नाही म्हणून तो चांगलाच आहे, असं उलटं म्हणता येत नाही. फुगलेला डबा निदान काहीतरी बिघडल्याचं सांगतो. शिवणीवर पोचा आलेला, दिसायला सपाट डबा काहीच सांगत नाही.

पोचा, गंज आणि फुगवटा

पोच्याच्या बाबतीत तो कुठे आहे आणि कसा आहे, हे दोन प्रश्न विचारायचे. डब्याच्या अंगावर, शिवणीपासून दूर, उथळ आणि गोलसर पोचा असेल तर पत्रा फक्त वाकलेला असतो, फाटलेला नसतो. असा डबा वापरायला हरकत नाही. तोच पोचा वरच्या किंवा खालच्या कडेवर असेल, किंवा अंगावरच्या उभ्या जोडावर असेल, तर तो लहान असला तरी डबा टाकायचा. आदळताना ती घडी क्षणभर उघडून पुन्हा मिटलेली असू शकते, आणि तेवढ्या क्षणात आतल्या निर्वाताने काय ओढून घेतलं ते बाहेरून दिसत नाही. अंगावरचा पोचाही इतका खोल असेल की त्यात बोट बसतं, किंवा त्याला धारदार टोक अथवा घडी पडली असेल, तर तोही डबा नको. टोकापाशी पत्रा ताणून चिरलेला असू शकतो आणि आतला संरक्षक लेप तडकलेला असू शकतो. तडकलेल्या जागी गंज आतून सुरू होतो.

गंज हा तर आपल्या किनाऱ्याचा खास प्रश्न. डब्याचा पत्रा पोलादाचा असतो आणि त्यावर कथिलाचा अतिशय पातळ थर असतो. तो थर खरचटला की खाऱ्या हवेत पोलाद लगेच तांबूस होतं. इथली परीक्षा सोपी आहे. कोरडं फडकं घ्या आणि गंजावर घासा. गंज पुसला गेला आणि खाली पत्रा गुळगुळीत लागला तर तो वरवरचा आहे, डबा लवकर वापरून टाका. घासूनही गेला नाही, खरबरीत खड्डे लागले, पापुद्रे सुटले, तर पत्रा खाल्ला गेलाय आणि सुईच्या टोकाएवढं भोक कधीही पडू शकतं किंवा पडलेलं असू शकतं. कडेच्या घडीत गंज असेल तर मात्र मी ही परीक्षाही करत बसत नाही, कारण घडीच्या आत फडकं पोहोचत नाही. डब्याखाली चिकट ओल किंवा वाळलेला ओघळ दिसला तर विचार करण्यासारखं काही उरतच नाही.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत आणि दुकानांत शिरलं, तसं पुराचं पाणी जिथे येतं तिथे गंजाबरोबर आणखी एक अडचण येते. त्या पाण्यात माती आणि मैला असतो आणि तो कडेच्या खाचेत साचतो. डबा पूर्ण शाबूत असेल तर लेबल काढून, धुऊन, ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करून वापरता येतो. पण त्याच डब्याला कडेवर पोचा किंवा गंज असेल तर तो वाचवण्यात अर्थ नाही. आणि लेबल काढल्यावर आत काय आहे आणि तारीख कोणती, ते पत्र्यावर लिहून ठेवायला विसरू नका.

फुगवट्याचे प्रकार कॅनिंगच्या धंद्यात वेगवेगळे मानतात. एका झाकणावर दाबलं की ‘टक’ आवाज करून ते आत जातं आणि दुसरं बाहेर येतं, तो एक. बोटाने दाबलं तर दबतं पण सोडताच परत वर येतं, तो दुसरा. आणि दाबूनही हलत नाही इतका कडक, तो तिसरा. कारणंही वेगवेगळी असतात. डबा जास्त भरलेला असू शकतो. आमरसासारख्या आंबट पदार्थात आम्ल पत्र्याला खाऊन हायड्रोजन वायू तयार करू शकतं. शिवण गळकी असेल तर यीस्ट आत शिरून रस आंबवतं. कॅनिंगवाल्याला ही कारणं शोधायची असतात, त्याशिवाय त्याची पुढची भरणी सुधारत नाही. घरात मात्र या भेदाचा उपयोग नाही, कारण कुठला वायू आहे हे बाहेरून सांगता येत नाही. झाकण वर आलेलं असलं की तो डबा गेला. आमरसाचा असला तरी गेला. आमरस आंबट असल्यामुळे तिथे बॉट्युलिझमचा धोका फार कमी, हे खरं. पण गळक्या डब्यात बुरशी शिरली तर ती आम्ल खाते आणि आंबटपणा उतरतो, मग ज्या भरवशावर आपण होतो तोच राहत नाही.

मालवणजवळ घरगुती खानावळ चालवणाऱ्या एका ओळखीच्या वहिनींनी पावसाळ्यानंतर मला त्यांची फळी दाखवली होती. आमरसाचा डबा हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘ह्यो डबो टाकूचो काय? वास तर काय येणा नाय.’ झाकण दोन्हीकडून वर आलं होतं, दाबलं तर दबत होतं आणि परत येत होतं. तो बाजूला ठेवला. काबुली चण्याच्या डब्याला पोटावर रुपयाएवढा उथळ पोचा होता, कडा स्वच्छ, दोन्ही झाकणं आत ओढलेली. तो त्याच दिवशी वापरायला काढला. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याच्या अंगावर तांबूस डाग होते, फडक्याने निघाले. त्यात साखर इतकी असते की जंतूला वापरता येईल असं पाणीच उरत नाही, त्यामुळे त्याचीही काळजी नव्हती. ट्यूनाच्या चपट्या डब्याला कडेवर नखाएवढा पोचा होता. प्रवासात पेटीत दाबला गेला असणार. तो सगळ्यांत चांगला दिसत होता, चकचकीत, सपाट, तारीखही पुढची. तरी तो टाकायला सांगितला, आणि वहिनींना पटवायला सगळ्यांत जास्त वेळ त्याच डब्याला लागला. शेवटी नारळाच्या दुधाचे दोन डबे राहिले. एकाच्या अंगावर वरवरचा गंज, दुसऱ्याच्या खालच्या घडीत खोल गंज. आंबट नसलेला, ओलसर, हवाबंद पदार्थ, म्हणजे नारळाचं दूध माशाच्या जवळ बसतं, आमरसाच्या नाही. पहिला ठेवला, दुसरा टाकला. सहा डब्यांतले तीन गेले. नारळाच्या झाडाखाली राहून दूध डब्यातलं का घ्यायचं, असं कुणी विचारेल, पण पंगत मोठी आणि हात दोनच असले की तो प्रश्न पडत नाही.

टाकायचा कसा, हेही ठरवून करायचं काम आहे. फुगलेला डबा उघडायचा नाही. त्याच्या आत दाब असतो आणि आतलं द्रव तोंडावर, ओट्यावर उडू शकतं. चाखून तर मुळीच बघायचं नाही, जिभेच्या टोकालाही नाही. दोन पिशव्यांत एकावर एक घट्ट बांधून तो मांजर, कुत्रा, कोंबड्या यांच्या तोंडी लागणार नाही असा कचऱ्यात टाका. परड्यात फेकू नका, जनावरांनाही हे विष बाधतं. डबा गळत असेल तर हातमोजे घाला. सांडलेल्या जागेवर एक माप ब्लीच आणि आठ मापं पाणी असं मिश्रण ओतून १५ मिनिटं राहू द्या, मग पुसून घ्या.

चांगला वाटलेला डबा उघडतानाही लक्ष असू द्या. पहिलं छिद्र पडताना हलकासा ‘सूं’ आवाज होतो तो बाहेरची हवा आत जाण्याचा, आणि तो चांगला. आतून फेस किंवा पाणी उसळून बाहेर आलं, तर तिथेच थांबायचं.

‘पण खळखळ उकळलं तर?’ हे विचारणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. बीजाणू उकळण्याने मरत नाहीत, पण विष मरतं. सगळ्या अन्नाला १० मिनिटं खरी उकळी मिळाली तर विष निकामी होतं. तरी संशयित डब्यावर हा उपाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घट्ट रस्सा कडेला उकळतो आणि मध्ये कोमटच राहतो, उघडताना बोट लागतं, ढवळताना डाव चाटला जातो. शिवाय ट्यूना बहुतेक वेळा थंडच, सॅलडमध्ये किंवा पावात घालून खाल्ला जातो. बर्मिंगहॅमच्या त्या चौघांनीही सामन तसाच, न तापवता खाल्ला होता.

आधी डोळे, मग घसा

हे विष पोटात गेलं की रक्तातून नसांच्या टोकांपर्यंत जातं. नस जिथे स्नायूला हुकूम देते, तिथे ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडावं लागतं. विष ते सोडूच देत नाही. मेंदू हुकूम देतो, स्नायूला तो ऐकू जात नाही. म्हणून माणूस ढिला पडत जातो, पण शुद्ध हरपत नाही, अंगाला स्पर्श कळतो आणि ताप येत नाही.

बहुतेकांना १२ ते ३६ तासांत त्रास सुरू होतो. कधी ६ तासांतही होतो आणि कधी १० दिवसांनीही. हे लक्षात ठेवावं लागतं, कारण आठवड्यापूर्वी खाल्लेला डबा कुणाला आठवत नाही. सुरुवातीला मळमळ, उलटी, पोटात कळ असू शकते, पण ती नसतेही, आणि जुलाबांपेक्षा पुढे बद्धकोष्ठच जास्त दिसतं. खरी ओळख डोक्याकडून पटते. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाचे दोन दिसतात, जवळचं अक्षर धूसर होतं. तोंड कोरडं ठाक पडतं. जीभ जड होते, बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं, घास अडकतो, पाणी नाकातून येतं. मग मान सावरत नाही, हात उचलत नाहीत, आणि पायांपर्यंत अशक्तपणा उतरत जातो. दोन्ही बाजूंना सारखा आणि वरून खाली, हा त्याचा क्रम. अर्धांगात सहसा एकच बाजू जाते. या उतरणीत मध्ये छातीचे स्नायू आणि श्वासाचा पडदा येतो, आणि जीव जातो तो तिथे.

कोकणातल्या दवाखान्यात पापण्या मिटत आलेला माणूस आला की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा मण्यार येते, आणि ते योग्यच आहे. मण्यारीचा दंश झोपेत होतो, दुखत नाही, खूण सापडत नाही, आणि लक्षणं जवळपास अशीच असतात. पावसाळ्यात तर अशा घटना होतातच. म्हणून डब्यातलं काही खाल्लेलं असेल तर ते घरच्यांनी आपणहून सांगायला हवं, विचारण्याची वाट न बघता. कीटकनाशकाच्या विषबाधेत उलट चित्र असतं, तोंडातून लाळ गळते आणि बाहुल्या बारीक होतात. बॉट्युलिझममध्ये तोंड कोरडं असतं आणि बाहुल्या बऱ्याचदा मोठ्या होतात. आणि एकाच पंगतीला जेवलेल्या दोघा-तिघांना हे एकदम झालं, तर संशय आणखी बळावतो.

अशी लक्षणं दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा, आणि जवळच्या लहान दवाखान्यापेक्षा व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं. वाटेत पाणी, काढा, लिंबूसरबत काही पाजायचं नाही, कारण गिळता येत नसलेल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. उलटी काढायलाही लावायचं नाही. यावर प्रतिविष असतं, पण ते रक्तात फिरणाऱ्या विषालाच पकडतं. नसांना आधीच चिकटलेलं विष ते सोडवू शकत नाही. म्हणून ते जितकं लवकर मिळेल तितका पुढचा लकवा वाचतो. तालुक्याच्या दवाखान्यात ते सहसा हाताशी नसतं, ते मागवावं लागतं, आणि डॉक्टरांना संशय आल्याशिवाय ते मागवलं जाणार नाही. तोपर्यंत माणसाला तगवतो तो कृत्रिम श्वास. नसांची टोकं नव्याने फुटायला आठवडे, कधी महिने लागतात, पण श्वास सांभाळला गेला तर बहुतेक माणसं बरी होतात.

घरून निघताना रिकामा डबा आणि उरलेलं अन्न फेकून देऊ नका. झाकणासकट दुहेरी पिशवीत घालून बांधा आणि सोबत घ्या. विषाची तपासणी रुग्णाच्या रक्तात, शौचात आणि त्या अन्नात करतात. डब्याच्या पत्र्यावर छापलेला बॅच क्रमांकही कामाचा असतो, कारण त्याच भरणीचे डबे दुसऱ्या गावातल्या दुकानात अजून विकायला असू शकतात. तुमच्याबरोबर ज्यांनी ते खाल्लं त्या सगळ्यांना, त्यांना काहीही होत नसलं तरी, कळवा आणि पापण्या, बोलणं आणि गिळणं यांकडे पुढचे १० दिवस लक्ष ठेवायला सांगा.